महागाईत कर्ज खरंच हलकं होतं का?

महागाई वाढली की एक सल्ला हटकून कानावर येतो. पैसे साठवून ठेवू नका, उलट कर्ज काढा. रुपयाची किंमत दरवर्षी घसरतेय, म्हणजे आज दमदार रुपया हातात घ्यायचा आणि वीस वर्षांनी कमजोर रुपयाने फेडायचं. मग फायदा कर्जदाराचाच, नाही का?

या सल्ल्यात तथ्य आहे. पण तो दोन अटींवर उभा आहे आणि त्या सांगितल्या जात नाहीत. पहिली अट, व्याजाचा दर पूर्ण मुदतीसाठी खरोखर बांधलेला हवा. दुसरी, तुमची कमाई महागाईच्या बरोबरीने वाढायला हवी. आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं पहिली अट पूर्ण करत नाहीत आणि लाखो घरं दुसरी. म्हणून हे गणित आकड्यांसकट मांडून पाहायला हवं.

## उसनी साखर आणि लहान झालेली वाटी

शेजारणीने मोठ्या वाटीने साखर उसनी नेली. वर्षभराने ती परत द्यायला आली तेव्हा घरातली वाटी लहान झाली होती. तिने एक वाटी भरून दिली. एक वाटी नेली, एक वाटी दिली, हिशोब चुकता. प्रत्यक्षात साखर कमी परत आली. स्थिर दराच्या कर्जात महागाई हेच करते. कागदावरची रक्कम तशीच राहते आणि त्या रकमेत येणारं सामान कमी होतं.

आता रुपयांत पाहू. 30 लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत 20 वर्षं. महिन्याचा हप्ता 26,035 रुपये. महागाई सलग 6 टक्के राहिली, तर विसाव्या वर्षाच्या अखेरच्या 26,035 रुपयांत आजच्या सुमारे 8,100 रुपयांचं सामान येईल. महागाई 3 टक्के राहिली, तर साधारण 14,400 रुपयांचं. कर्ज तेच, हप्ता तोच, तरी पहिल्या परिस्थितीत शेवटचा हप्ता दुसरीपेक्षा किती हलका आहे!

कर्जाचं खरं ओझं मोजायला अर्थशास्त्रात एक साधा हिशोब आहे. व्याजदरातून महागाईचा दर वजा करा. उरतो तो वास्तव व्याजदर. साडेआठमधून 6 गेले, उरले अंदाजे अडीच टक्के. महागाई वजा केल्यावर कर्जासाठी तुम्ही खरी किंमत मोजताय ती एवढीच.

## बँकेलाही महागाई दिसत असते

मग बँका एवढा तोटा कशाला सोसतील? सोसत नाहीत. पुढच्या काही वर्षांत महागाई साधारण 6 टक्के राहील असं दिसत असेल, तर तो अंदाज व्याजदरात आधीच घातलेला असतो. म्हणून महागाई जोरात असताना कर्जही महाग मिळतं. सगळ्यांना दिसत असलेल्या महागाईतून कर्जदाराला फुकटचं काही मिळत नाही.

फायदा होतो तो न अपेक्षिलेल्या महागाईतून. साडेआठ टक्क्यांना कर्ज बांधून घेतलं आणि महागाई अचानक 9 टक्क्यांवर गेली, तर वास्तव दर शून्याखाली जातो आणि खऱ्या किमतीत पाहिलं तर बँकच तुम्हाला पैसे देत असते. महागाई उतरून 3 टक्क्यांवर आली, तर वास्तव दर साडेपाच होतो. म्हणजे स्थिर दराचं कर्ज ही महागाईवर लावलेली एक पैज असते, आणि बहुतेकांना आपण ती लावली आहे याची कल्पना नसते.

ही पैज अलीकडे कोणी जिंकली, तर अमेरिकेतल्या घरमालकांनी. तिथलं नेहमीचं गृहकर्ज तीस वर्षांचं आणि दर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बांधलेला. 2021 च्या सुरुवातीला हा दर 3 टक्क्यांच्याही खाली होता. जून 2022 मध्ये तिथली महागाई 9.1 टक्क्यांवर पोहोचली. न्यू जर्सीत 2021 च्या सुरुवातीला घर घेतलेल्या मराठी कुटुंबाचा हप्ता एका डॉलरनेही वाढला नाही, आणि पगारवाढ मिळत गेली तसा तो हलका होत गेला. ‘महागाईत कर्ज काढा’ हा सल्ला मुख्यतः अशा कर्जासाठी आहे. पुण्यात किंवा नाशिकमध्ये मिळणारं कर्ज बहुतेक वेळा या जातीचं नसतं.

आणि बँक तरी पैसा कुठून आणते? ठेवीदारांकडून. 2022-23 या आर्थिक वर्षात किरकोळ महागाईची सरासरी 6.7 टक्के होती. त्या वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या बँकांत एका वर्षाच्या मुदतठेवीवर 5 ते साडेपाच टक्के मिळत होते. निवृत्तीची रक्कम ठेवीत टाकलेल्या ज्येष्ठांची क्रयशक्ती वर्षभरात घटली. कर्जदाराला महागाईत जे मिळतं ते कोणाच्या तरी ताटातून येतं, हे या विषयात सहसा कोणी बोलत नाही, आणि मला ते खटकतं.

## हप्ता वाढला नाही, तरी घर चालेना

आता दुसरी अट. कल्पना करा, घरात एकच पगार, हातात येणारे 60,000 रुपये. हप्ता वरचाच, 26,035 आणि समजा तो खरोखर स्थिर आहे. घरखर्च 30,000. महिनाअखेर उरतात 3,965 रुपये.

महागाई 7 टक्के धरू. दीर्घकाळासाठी हा दर जास्त आहे, पण मुद्दा स्पष्ट दिसावा म्हणून घेतलाय. पगारही दरवर्षी 7 टक्के वाढला, तर दहा वर्षांनी तो सुमारे 1,18,000 होतो. घरखर्च 59,000 वर जातो. हप्ता जागचा हलत नाही. महिन्याला जवळजवळ 33,000 रुपये शिल्लक राहतात. या घरासाठी तो सल्ला शंभर टक्के खरा ठरला.

तेच घर, पण पगार दरवर्षी तीनच टक्के वाढतो. कंत्राटी नोकरी, छोटा कारखाना, खासगी शाळा, अशा ठिकाणी हे काही नवल नाही. किराणा, फी, औषधं आणि प्रवासखर्च मात्र 7 टक्क्यांनीच वाढत राहतात. पाचव्या वर्षी शिल्लक साधारण 1,450 रुपयांवर येते. सातव्या वर्षी ती संपते आणि दरमहा 400 रुपये कमी पडू लागतात. दहाव्या वर्षी पगार 80,600, घरखर्च आणि हप्ता मिळून 85,000. तूट 4,400 रुपयांची.

या दुसऱ्या घरातला एक आकडा नीट पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला पगारातला 43 टक्के हिस्सा हप्त्यात जात होता, दहा वर्षांनी 32 टक्के जातो. बँक कर्ज देताना जे प्रमाण पाहते त्या हिशोबाने हे कुटुंब सुधारलं! प्रत्यक्षात ते क्रेडिट कार्डावर किराणा भरायला लागलेलं असतं. कर्ज हलकं झालं हे खोटं नाही. पण महागाईने कर्जावरचं ओझं जेवढं उतरवलं, त्याहून जास्त स्वयंपाकघरावर चढवलं.

म्हणून महागाईचा दर पाहून कर्जाचा निर्णय घेऊ नका. गेल्या चार-पाच वर्षांतल्या आपल्या पगारवाढीची सरासरी काढा आणि ती महागाईच्या शेजारी ठेवा. ती महागाईपेक्षा कमी असेल, तर वाढत्या किमती तुमच्या बाजूने नाहीत.

## दर बांधलेला आहे, की तसं फक्त वाटतंय?

पहिल्या अटीकडे येऊ. भारतात गृहकर्ज बहुतेक वेळा फ्लोटिंग दराचं, म्हणजे बदलत्या व्याजाचं असतं. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवीन फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावं लागतं आणि बहुतेकांनी ते रेपो दराशी जोडलंय. रिझर्व्ह बँक अल्पकाळासाठी बँकांना ज्या दराने पैसे देते तो रेपो दर. महागाई वाढली की ती आटोक्यात आणायला रिझर्व्ह बँक हाच दर वाढवते. म्हणजे महागाई वाढते, रेपो वाढतो आणि त्यामागोमाग तुमचं व्याज. जी महागाई तुमचं कर्ज हलकं करणार होती, तीच त्यावरचं व्याज वाढवते.

2022 मध्ये नेमकं हेच झालं. एप्रिल 2022 मध्ये किरकोळ महागाई 7.79 टक्के झाली. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो 4 वरून 4.40 टक्के केला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो साडेसहा टक्क्यांवर नेला. दहा महिन्यांच्या आत अडीच टक्के वाढ.

या अडीच टक्क्यांनी एका कर्जाचं काय केलं ते पाहू. 30 लाख, 20 वर्षं, सुरुवातीचा दर 7 टक्के. हप्ता 23,259. पहिल्या महिन्याचं व्याज 17,500, म्हणजे साधारण 5,760 रुपये मुद्दलात जमा. वर्षभर हप्ते भरल्यावर बाकी 29 लाख 29 हजारांच्या आसपास. हिशोब सोपा राहावा म्हणून आता दर एकदम साडेनऊ झाला असं धरू. खरं तर तो टप्प्याटप्प्याने वाढला. या बाकीवर महिन्याचं व्याज होतं 23,185 रुपये. हप्ता 23,259. मुद्दलात किती गेले? 74 रुपये.

तेवीस हजार भरायचे आणि त्यातले 74 रुपये कर्ज फेडायला! दर आणि हप्ता असेच राहिले, तर हे कर्ज फिटायला सुमारे 60 वर्षं लागतील. उरलेल्या 19 वर्षांतच फेडायचं असेल, तर हप्ता अंदाजे 27,790 वर न्यावा लागतो, म्हणजे दरमहा साडेचार हजार रुपये जास्त.

त्या काळात बऱ्याच कर्जदारांचा हप्ता वाढलाच नाही, म्हणून त्यांना काही जाणवलं नाही. बँकेने परस्पर मुदत वाढवली होती. वीस वर्षांचं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलंय, हे खात्याचा उतारा काढल्यावर कळलं. व्याज हप्त्यापेक्षाही जास्त झालं तर न भरलेलं व्याज मुद्दलात मिळत जातं आणि दर महिन्याला पैसे भरूनही कर्ज वाढतं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर बँकांना सूचना दिल्या. दर बदलताना कर्जदाराला कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं हे त्याला निवडू द्यायचं, तेव्हाच्या सूचनेनुसार स्थिर दरावर जाण्याचा पर्यायही द्यायचा आणि व्याज हप्त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही.

तुमचं फ्लोटिंग कर्ज असेल, तर या आठवड्यातच खात्याचा उतारा मागवा. त्यात दोनच गोष्टी पाहा: मागच्या हप्त्यातले किती रुपये मुद्दलात गेले आणि शेवटचा हप्ता कोणत्या वर्षी आहे. कर्ज हलकं होतंय की जड, हे त्या दोन आकड्यांत कळतं.

## सोयाबीनच्या क्विंटलात मोजलेलं कर्ज

“पण शेतकऱ्याचं पीककर्ज तर कमी आणि बांधलेल्या दराचं असतं, त्याला महागाई फायद्याची नाही का?” हा प्रश्न रास्त आहे. वेळेवर फेडलं तर केंद्राच्या सवलतीनंतर पीककर्जाचा दर 4 टक्क्यांवर येतो आणि महाराष्ट्रात राज्याच्या व्याज सवलतीमुळे 3 लाखांपर्यंत तो शून्यावरही येतो. 6-7 टक्के महागाईत असं कर्ज म्हणजे कागदावर उत्तम सौदा.

पण शेतकरी कर्ज फेडतो ते त्याच्या पिकाच्या पैशातून. 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन 7,000 रुपये क्विंटलच्या आसपास होतं. तेव्हा दोन लाखांचं कर्ज म्हणजे 28-29 क्विंटल सोयाबीन. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता, पण बाजारात भाव 4,200 च्या आसपास रेंगाळत होता. त्या भावाने तेच दोन लाख म्हणजे 47-48 क्विंटल. मधल्या काळात देशातल्या किमती वाढतच होत्या. किराणा वाढला, मजुरी वाढली, फवारणीचा खर्च वाढला. ज्याच्यातून कर्ज फेडायचं, ते मात्र स्वस्त झालं. व्याज शून्य असूनही या शेतकऱ्याचं कर्ज त्याच्या मापाने दीडपटीहून जड झालं.

सरकारी महागाईचा आकडा हा देशभरच्या ग्राहकांच्या खरेदीचा असतो. तुमच्या कर्जाचं वजन तुम्ही काय विकता त्यावर ठरतं, मग ते सोयाबीन असो, कांदा असो की महिनाभराचे श्रम.

## “घराचे भाव वाढणारच, मग थांबायचं कशाला?”

यात तथ्य आहेच. भाव दरवर्षी 8 टक्के वाढत असतील आणि तुम्ही साडेआठ टक्क्यांनी कर्ज घेत असाल, तर थांबल्याने फारसं काही वाचत नाही. शिवाय तुम्ही भाडं भरत असता. पण घरांचे भाव महागाईबरोबर नियमाने वाढत नाहीत. व्याजदर चढले की हप्ता परवडणारे ग्राहक घटतात आणि काही काळ भाव जागच्या जागी थबकतात. राहण्यासाठी घर घेणाऱ्याला याचा फारसा त्रास होत नाही. भाव वाढेल या भरवशावर दुसरं घर कर्जाने घेणाऱ्याला होतो, कारण त्याला हप्ता रोख भरायचा असतो आणि नफा कागदावरच राहतो.

वस्तूंच्या बाबतीत हिशोब आणखी स्पष्ट आहे. 40,000 चा फ्रिज पुढच्या वर्षी 6 टक्क्यांनी महाग होऊन 42,400 चा होईल, म्हणून आजच 14 टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जावर घेतला, तर बारा हप्त्यांत सुमारे 43,100 रुपये जातात. त्यात प्रक्रिया शुल्क धरलेलंच नाही. फ्रिजची गरज असेल तर घ्या. महागाईला हरवायचं म्हणून घेऊ नका, कारण 14 टक्क्यांचं कर्ज 6 टक्क्यांच्या महागाईला कधीच हरवत नाही.

## स्थिर दर मिळत असेल, तर घ्यावा का?

स्थिर दराचं गृहकर्ज काही ठिकाणी मिळतं, पण दर सहसा फ्लोटिंगपेक्षा चढा असतो. महागाई वाढली तर सोसावा लागणारा धोका बँक तिथे आधीच वसूल करून घेते. मंजुरीपत्र वाचताना तीन ठिकाणी थांबा. दर पूर्ण मुदतीसाठी स्थिर आहे की फक्त पहिल्या तीन-पाच वर्षांसाठी? परिस्थिती बदलल्यास दर बदलण्याचा हक्क बँकेने राखून ठेवलाय का? असला, तर महागाई तुमच्या बाजूने वळताच ती अट बँकेच्या कामी येईल. आणि मुदतीआधी कर्ज फेडायला दंड किती? व्यक्तींच्या फ्लोटिंग गृहकर्जावर असा दंड लावता येत नाही, स्थिर दराच्या कर्जावर मात्र तो असू शकतो.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण महागाई उतरते तेव्हा सगळा फरक त्यानेच पडतो. 2023 मध्ये धास्तावून कोणी साडेनऊ टक्क्यांना दर बांधून घेतला असेल, तर तेव्हा त्याचा वास्तव दर 3 ते 4 टक्के होता. 2025 च्या जूनमध्ये किरकोळ महागाई 2 टक्क्यांच्या आसपास आली आणि रेपो साडेसहावरून साडेपाचवर उतरला. फ्लोटिंगवाल्यांचं व्याज त्यामागोमाग खाली आलं. दर बांधून घेतलेल्याचं व्याज साडेनऊच राहिलं आणि वास्तव दर साडेसातवर गेला. त्याला कमी दराच्या दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं असेल, तर आधी दंडाची रक्कम पाहावी लागते. बाकी 25 लाख आणि दंड 2 टक्के असेल, तर 50,000 रुपये. व्याजात 1 टक्का जरी वाचला, तरी पहिल्या वर्षी साधारण 25,000 वाचतात. म्हणजे दोन वर्षांत दंड वसूल होतो आणि पुढची सगळी वर्षं नफ्याची. मुदत पाच वर्षांहून जास्त उरली असेल, तर कर्ज हलवायला हरकत नाही. दीड-दोन वर्षांचीच उरली असेल, तर आहे तिथेच फेडून टाकलेलं बरं.